त्रिकोणमितीची वर्कशीट तपासायला बसण्याआधी

वर्कशीट समोर ओढण्याआधी आलेखाचा एक कोरा कागद, कंपास, कोनमापक आणि टोक केलेली पेन्सिल एवढं हाताशी ठेवा. आलेखाचे सुटे कागद अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतात. कॅल्क्युलेटर असला तर असू द्या, पण तो सध्या पालथा. त्याचं काम शेवटी आहे.

कागदाच्या मधोमध दोन अक्ष काढा आणि ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. हे ५ सेंमी म्हणजेच आपला १, म्हणून कागदावरचा १ मिमी म्हणजे ०.०२. कोन नेहमी उजवीकडच्या X-अक्षापासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा. कोनाची भुजा वर्तुळाला जिथे छेदते, त्या बिंदूचा x म्हणजे कोसाइन, y म्हणजे साइन आणि y भागिले x म्हणजे टॅन. ३०° वर खूण करून उंची मोजा, २.५ सेंमी भरते. आडवं अंतर ४.३३ च्या आसपास. ६०° ला हेच दोन आकडे अदलाबदल होऊन येतात आणि ४५° ला दोन्ही सुमारे ३.५४. पाचाने भागलंत की ०.५, ०.८६६ आणि ०.७०७, म्हणजे १/२, √३/२ आणि √२/२. या तीन आकड्यांत ० आणि १ मिळवले की विशेष कोनांच्या साइन-कोसाइनचा सगळा माल संपला. त्यामुळे साइन किंवा कोसाइनच्या रकान्यात √३ किंवा २ दिसला, तर पुढे काहीही न बघता ते उत्तर चूक. वर्तुळाबाहेर बिंदू जाणारच कसा?

आता कोन घरी आणा. रेडियनमध्ये असेल तर π च्या जागी १८०° ठेवा. ५π/६ म्हणजे पाच वेळा तीस, १५०°. कोन ऋण असेल किंवा ३६०° च्या पुढे गेला असेल, तर ० ते ३६० मध्ये येईपर्यंत ३६० मिळवा किंवा वजा करा. −५७०° मध्ये एकदा ३६० मिळवून −२१०°, पुन्हा मिळवून १५०°. हा नवा कोन उत्तराशेजारी पेन्सिलीने लिहा. तोंडी केलेली वजाबाकी दोन ओळींनंतर आठवत नाही.

चिन्हांसाठी क्लासमध्ये ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’ पाठ करून घेतात: पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात फक्त साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कोसाइन. माझं मत विचाराल तर वर्तुळ समोर असताना याची गरज नाही. बिंदू डावीकडे असेल तर कोसाइन ऋण, खाली असेल तर साइन ऋण, आणि दोघांची चिन्हं वेगळी असतील तर टॅन ऋण.

इथपर्यंत सगळेच तपासतात. घोळ पुढे आहे, म्हणून २४०° ची ओळ सावकाश घेऊ. समजा वर्कशीटवर लिहिलंय: साइन −१/२, कोसाइन −√३/२, टॅन १/√३. तिसरं चरण आहे, साइन आणि कोसाइन दोन्ही ऋण, टॅन धन, चिन्हं जमली. वर्गांची बेरीज १/४ + ३/४, म्हणजे १, जमली. साइनला कोसाइनने भागलं तर १/√३ येतं, तेही जमलं. तिन्ही कसोट्यांवर उत्तर खरं उतरलं आणि तरी ते साफ चुकलेलं आहे.

वर्तुळावर २४०° ची खूण करा म्हणजे दिसेल. बिंदू खालच्या Y-अक्षाकडे झुकलेला आहे. अक्षापासून खाली ४.३३ सेंमी, डावीकडे फक्त २.५. म्हणजे साइन −√३/२, कोसाइन −१/२ आणि टॅन √३. चूक झाली ती संदर्भ कोन काढताना: २७० मधून २४० वजा करून ३०° घेतला, म्हणजे कोन Y-अक्षापासून मोजला. संदर्भ कोन X-अक्षापासूनच मोजायचा असतो. दुसऱ्या चरणात १८० मधून कोन वजा करा, तिसऱ्यात कोनातून १८० वजा करा, चौथ्यात ३६० मधून कोन वजा करा. या वजाबाक्यांत ९० किंवा २७० दिसले की तिथेच थांबा.

ही चूक पकडायला वर्तुळात केंद्रातून जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा मारून ठेवा, ४५° आणि १३५° च्या. वर्तुळाच्या चार फोडी होतात. वरच्या आणि खालच्या फोडीत साइन आकाराने मोठा असतो आणि चिन्ह सोडलं तर टॅन १ पेक्षा मोठा. डाव्या-उजव्या फोडीत कोसाइन मोठा, टॅन १ पेक्षा लहान. २४०° खालच्या फोडीत आहे आणि लिहिलेला टॅन साधारण ०.५८, एका नजरेत पकडला जातो.

अशी एक ओळ सापडली, तर त्याच पानावरचे १२०°, १५०°, २१०°, ३०० आणि ३३०° सुद्धा पुन्हा बघा. रीत चुकलेली असल्यावर ती एकाच गणितात थांबत नाही. गंमत अशी की १३५°, २२५° आणि ३१५° ची उत्तरं त्याच चुकीच्या रीतीनेही बरोबर येतात, कारण तिथे दोन्ही अक्षांपासून कोन ४५° च असतो. ‘पण मॅडम, माझं २२५ बरोबर आहे ना!’ हा युक्तिवाद म्हणून चालत नाही.

वर्गांची बेरीज मग टाकून द्यायची का? नाही. √३/२ च्या जोडीला चुकून √२/२ लिहिला असेल, तर ती लगेच सांगते. फक्त चिन्ह आणि अदलाबदल तिला कळत नाहीत.

अक्षांवरचे कोन झटपट होतात. ९० आणि २७०° ला x शून्य असतो, म्हणून टॅन अस्तित्वात नाही. तिथे ० लिहिला असेल तर भागाकार उलटा झालाय. शून्य टॅन ०° आणि १८०° चा. उत्तरसूचीत √३/३ आणि वहीत १/√३ असेल तर मात्र खोडू नका, छेदाचं परिमेयीकरण केलंय एवढंच.

आता कॅल्क्युलेटर सुलटा करा आणि आधी टॅन ९० दाबून बघा. Math ERROR आलं तर तो अंशांत आहे, -1.995 च्या आसपास काही आलं तर रेडियनमध्ये आहे, आधी DEG करा. हे न बघता साइन २१० दाबला तर −०.५ ऐवजी सुमारे धन ०.४७ येतो, आणि मूल बरोबर लिहिलेलं उत्तर खोडून बसतं.

वर्कशीटवर ७५° किंवा १०५° आला, तर या तीन आकड्यांत उत्तर शोधू नका. तिथे ४५ आणि ३० च्या बेरजेचं किंवा ६० आणि ४५ च्या बेरजेचं सूत्र लागतं. वर्तुळ अंदाज तेवढा देतं: ७५° ची उंची सुमारे ४.८३ सेंमी, म्हणजे साइन ०.९६६ च्या जवळ. सूत्राने आलेला (√६ + √२)/४ तेवढाच भरतो.