रात्रपाळीत रिसेप्शनवर: गोंगाट, सिगारेट आणि गेस्टशी बोलणं

रिसेप्शनवर नवीन लागलेल्यांना रात्रपाळीत दोन फोनची धास्ती असते. एक, 'शेजारी फार गोंधळ चाललाय' आणि दुसरा, 'आमच्या खोलीत सिगारेटचा वास येतोय'. मग काय बोलायचं याची वाक्यं ते घोकून ठेवतात. वाक्यं बरोबर असतात, पण भलत्याच खोलीत फोन जातो. झोपेतून उठलेल्या माणसाला 'सर, जरा आवाज कमी करता का' असं विचारलं की एका तक्रारीच्या दोन होतात. म्हणून मी आधी खोली कशी ओळखायची ते सांगते.

'वरच्या खोलीतून आवाज येतोय' हा तक्रार करणाऱ्याचा अंदाज असतो. खुर्ची सरकवल्याचा दणका स्लॅबमधून खाली उतरतो, टीव्हीचा आवाज कनेक्टिंग दाराच्या फटीतून शेजारी जातो आणि बाल्कनीतल्या गप्पा दोन-तीन खोल्या सोडूनही ऐकू येतात. तेव्हा आधी मजल्यावर जायचं आणि कॉरिडॉरमध्ये मिनिटभर नुसतं उभं राहायचं. दाराला कान लावायचा नाही, ते कोणी पाहिलं तर आपलीच तक्रार होते. खोली नक्की झाली की सिस्टीममध्ये नाव बघायचं, कारण फोनवर पहिला शब्द त्या माणसाचं नाव असावा.

वासाचं गणित वेगळं आहे. लपून सिगारेट ओढणारा गेस्ट बहुतेक वेळा बाथरूममध्ये जातो आणि एग्झॉस्ट चालू करतो. धूर बाहेर गेला असं त्याला वाटतं, पण बऱ्याच इमारतींत एकाखाली एक असलेल्या बाथरूमचा शाफ्ट एकच असतो. त्यामुळे वास शेजारच्या खोलीत न जाता वरच्या किंवा खालच्या मजल्यावर निघतो. तक्रार करणाऱ्याला एवढंच विचारायचं, 'वास खोलीत जास्त आहे की बाथरूममध्ये?' बाथरूममध्ये म्हणाला तर त्याच रांगेतल्या वरच्या-खालच्या खोल्या बघायच्या. खोलीत म्हणाला तर बाल्कनी, खिडकी किंवा शेजार.

एक प्रसंग धरू. रात्री पाऊण वाजता ५०८ मधून फोन येतो की बाथरूममध्ये सिगारेटचा वास आहे. पाचव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये काहीच जाणवत नाही. चौथ्यावर ४०८ च्या दाराशी मात्र मंद वास आहे आणि दाराखालच्या फटीत आतून टॉवेल कोंबलेला दिसतो. आता जवळजवळ खात्री आहे, तरी तुम्ही धूर पाहिलेला नाही. म्हणून खाली येऊन फोन लावायचा आणि जे जाणवलं तेवढंच बोलायचं: 'देशपांडे सर, नमस्कार, रिसेप्शनवरून बोलतेय. एवढ्या रात्री फोन केला, माफ करा. चौथ्या मजल्यावर सिगारेटचा वास येतोय आणि तुमची खोली नॉन-स्मोकिंग आहे, म्हणून कळवतेय. ओढायची असेल तर खाली मागच्या बाजूला जागा आहे, ती रात्रभर उघडी असते.'

यात 'तुम्ही सिगारेट ओढताय' असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याला कबूल करावं लागत नाही, नाकारावंही लागत नाही, आणि पुढची सिगारेट कुठे ओढायची हेही कळतं. रात्री एक वाजता आपल्याला तेवढंच हवं असतं. कबुलीजबाब घ्यायचा हट्ट धरला की भांडण ठरलेलं.

तरीही तो म्हणेल, 'मी नाही ओढत, तुम्हाला भास होतोय.' बहुतेक जण हेच म्हणतात. त्यावर, 'बरं सर, वास कुठून येतोय ते आम्ही शोधतोच आहोत. तुम्हालाही आला तर कृपया कळवा,' एवढं बोलून फोन ठेवायचा. टॉवेलचा उल्लेख करायचा नाही, नाहीतर विषय सिगारेटवरून 'तुम्ही माझ्या दारात काय करत होता' यावर जातो. बाल्कनीत किंवा ई-सिगारेट ओढलेली चालते असा समज अनेकांचा असतो. तुमच्या हॉटेलचा नियम रजिस्ट्रेशन कार्डावर काय लिहिलाय ते पाळीच्या सुरुवातीलाच वाचून ठेवा. फोनवर कार्ड शोधत बसलात तर तुमच्या बोलण्यात जोर राहत नाही.

एका बाबतीत मात्र ही सगळी नरमाई बाजूला ठेवायची. खोलीतल्या स्मोक डिटेक्टरवर शॉवर कॅप किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली आढळली, तर तो आगीच्या सुरक्षेचा प्रश्न होतो. तेव्हा ड्युटी मॅनेजरला लगेच उठवायचं. तो सिक्युरिटीला घेऊन वर जातो आणि डिटेक्टर मोकळा झाल्याशिवाय परत येत नाही. उलट, डिटेक्टर वाजला म्हणजे सिगारेटच असंही नसतं, गरम शॉवरच्या वाफेनेही काही डिटेक्टर वाजतात. तिथे पहिला प्रश्न 'सर, तुम्ही ठीक आहात ना?' हाच.

गोंगाटाच्या वेळीसुद्धा आधी फोनच. दारावर गेलात तर गेस्टला आपल्या मित्रांसमोर तोंड द्यावं लागतं, आणि चारचौघांत माणूस उगाच ताठर होतो. फोनवर तोच माणूस 'हो हो, सॉरी' म्हणतो. मात्र 'आवाज कमी करा' हे फार मोघम आहे, कारण त्यांच्या मते ते हळूच बोलत असतात. नेमकं सांगा: 'बाल्कनीचं दार लावून घेतलंत तर बरं होईल,' किंवा 'स्पीकर तेवढा बंद केलात तर शेजारच्यांना झोप लागेल.' कोणत्या खोलीने तक्रार केली हे कधीही सांगायचं नाही. खोदून विचारलं तर 'मी स्वतः मजल्यावर ऐकून आले' म्हणा. म्हणूनच आधी खरंच जाऊन यायचं.

फोननंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्वतः वर जाऊन बघा, तक्रार करणाऱ्याच्या दुसऱ्या फोनची वाट बघू नका. आवाज तसाच असेल तर आता दारावर जायचं, पण एकट्याने नाही, सिक्युरिटीला बरोबर घेऊन. दार वाजवून दोन पावलं मागे उभं राहायचं, आत बोलावलं तरी जायचं नाही, आणि ज्याच्या नावावर खोली आहे त्याच्याशीच बोलायचं. दार उघडणारा पाहुणा भलताच असतो आणि त्याच्याशी हुज्जत घालून काही निघत नाही. समोरचा प्यालेला असेल तर तुमचं वाक्य एकदा बोला, तो वाद घालू लागला तर 'मॅनेजर बोलतील तुमच्याशी' म्हणून निघा. तिसरी पायरी, म्हणजे खोली सोडायला सांगणं किंवा पोलीस, ही नवख्याची नाहीच.

रिसेप्शनवर परतल्यावर लॉग बुकमध्ये वेळेसकट लिहा: '००:४५ ५०८ कडून वासाची तक्रार. ००:५५ ४०८ च्या दाराशी वास. ०१:०० ४०८ ला फोन, गेस्टचा नकार. ०१:१५ वास नाही.' 'गेस्ट उद्धट होता' असली मतं लिहू नका. ५०८ ला परत फोन करायचा की नाही हे पहिल्याच फोनवर विचारून घेतलेलं असावं, नाहीतर काम झाल्याचं कळवायला तुम्हीच त्याची झोपमोड करता.

क्लीनिंग चार्जचा विषय रात्री काढू नका. धमकीसारखा तर मुळीच नाही. सकाळी हाउसकीपिंगचा सुपरवायझर खोली बघतो. ग्लासातली राख, टिश्यूत गुंडाळलेलं थोटूक, पडद्याला बसलेला वास, यांची नोंद आणि फोटो तो घेतो. काहीच सापडलं नाही तर नुसत्या वासावर पैसे लावणं अवघड असतं, आणि माझ्या मते लावूही नयेत. सापडलं तर गेस्टने सही केलेलं रजिस्ट्रेशन कार्ड आणि फोटो घेऊन मॅनेजर त्याला चेक-आउटच्या रांगेतून बाजूला बोलावतो. तुम्ही फक्त बिल छापण्याआधी ते फोटो आणि कार्ड मॅनेजरपर्यंत पोचलंय ना, एवढं बघायचं.