व्हीएमसी घ्यायचा प्रस्ताव लिहिताना या चुका टाळा

‘मशीन 28 लाखांचं, महिन्याला अडीच लाख वाचणार, पैसे 11 महिन्यांत वसूल.’ छोट्या वर्कशॉपमधून असे प्रस्ताव सारखे येतात आणि आकडा इतका गोड दिसला की मी आधी ‘अडीच लाख’ कुठून आले ते बघतो.

भोसरीतल्या एका कारखान्याचा हिशेब असाच होता. बाहेर व्हीएमसीचं जॉबवर्क तासाला 500 रुपयांनी जायचं. नवीन मशीन दोन पाळ्यांत महिन्याला 500 तास चालेल, म्हणून 500 गुणिले 500. पण हे 500 तास मशीनचे होते, कामाचे नव्हते. टॅलीतून वर्षभराची जॉबवर्कची बिलं काढली तर सरासरी निघाली महिन्याला 250 तास. उरलेलं काम ‘मशीन आल्यावर मिळेलच’ या भरवशावर. हातात पर्चेस ऑर्डर नसलेला एक तासही मी फायद्यात धरत नाही, मग कोणी कितीही रुसो.

म्हणजे बाहेरचे वाचले 1,25,000. त्यातून ऑपरेटरचे 22 हजार, विजेचे 15, टूल-इन्सर्टचे 12 आणि देखभालीचे 6 वजा केले की उरतात 70 हजार. हा घरचा खर्च मूळ कागदावर नव्हताच!

दुसरी खोड म्हणजे कोटेशनवरची किंमत हाच खर्च समजणं. फाउंडेशन, केबल-पॅनेल, स्टॅबिलायझर, टूल होल्डर, व्हाइस, फिक्स्चर आणि प्रोग्रामिंगचं ट्रेनिंग मिळून इथे आणखी 5 लाख लागले. 33 लाख भागिले 70 हजार, म्हणजे 47 महिने. पहिले तीन महिने सेटिंग-रिजेक्शनमध्ये निम्मेच तास मिळणार, तेव्हा चार वर्षांच्या पुढेच. मालकांनी तरीही मशीन घेतलं, पण कर्जाची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची मागून घेतली. 11 महिन्यांच्या कागदावर विसंबून तीन वर्षांचा हप्ता घेतला असता, तर दर महिन्याला खिशातून भरणा करावा लागला असता.

जीएसटी खर्चात धरू नका, इनपुट क्रेडिट मिळतं. मात्र ते वळतं होईपर्यंत 18 टक्के रोख अडकते, तिची सोय वेगळी लिहा.

मशीनची किंमत आणि कर्जाचे हप्ते, दोन्ही खर्चात लिहिणारेही भेटतात. मुद्दल दोनदा मोजू नका. घसाराही वसुलीच्या हिशेबात वजा करायचा नसतो, तो रोखीने जात नाही.

‘एक माणूस कमी होईल’ असं लिहिलं असेल तर तो पगारपत्रकातून खरंच कमी होणार का, ते विचारा. बहुतेक वेळा तो शेजारच्या लेथवर जातो.

आणि तास 250 वरून 200 वर आले तर काय, ही ओळ मी प्रत्येक प्रस्तावात लिहायला लावतो. इथे बचत 50 हजारांवर येते आणि वसुली 66 महिन्यांवर जाते. घाईतल्या मंडळींना ही ओळ नको असते, पण बँकेचा माणूस पहिल्यांदा तीच विचारतो.