वाचनालयाच्या हॉलचा रेंडर : छत काळं का पडतं? या चुका टाळा

लांब टेबलं, वर उंचावर खिडक्या, मधे पसरलेला मऊ उजेड. असा वाचनालयाचा हॉल मॉडेल करायला दोन दिवस पुरतात आणि उजेड बसवायला दोन आठवडे लागतात. गोव्यातल्या एका वाचनालयाच्या नव्या हॉलसाठी मी हे काम Blender मध्ये केलं. पहिला प्रिंट तिथल्या ग्रंथपाल बाईंना दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान आहे हो, पण हे रात्री दिवे लावल्यासारखं दिसतं. आमच्याकडे दुपारी वरचं छत असं काळं नसतं." त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. मी टेबलं बघत होतो, त्यांनी छत बघितलं होतं.

आधी हॉलची मापं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. लांबी 18 मीटर, रुंदी 9, छत 5.2 मीटरवर. लांबीच्या दोन्ही भिंतींना पाच-पाच खिडक्या. खिडकीची खालची कड जमिनीपासून 2.6 मीटरवर, वरची 4.1 वर. खिडक्यांखाली पुस्तकांची कपाटं. बाहेर मंगळुरी कौलांच्या छपराची वळचण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीवर साधारण एक मीटर पुढे आलेली. आपल्याकडचा पाऊस बघता तेवढी हवीच. टेबलांच्या दोन ओळी, प्रत्येक ओळ जवळच्या भिंतीपासून तीन मीटरवर, टेबलांची उंची 75 सेंटिमीटर.

आता डोळे टेबलाच्या पृष्ठभागाच्या पातळीला आणा आणि जवळच्या खिडकीकडे बघा. खिडकीची खालची कड तुम्हाला सुमारे 32 अंशांवर दिसेल. वळचणीची कड 40 अंशांवर. म्हणजे त्या टेबलाच्या वाट्याला जवळच्या बाजूने आकाशाची फक्त आठेक अंशांची पट्टी येते, आणि समोरच्या भिंतीच्या खिडक्यांतून तेवढीच आणखी एक. टेबलावरचा थेट उजेड तो एवढाच.

छताचं गणित याहून वेगळं आहे. छत खिडकीच्या वर आहे, त्यामुळे त्याला खिडकीतून आकाश दिसतच नाही. त्याची नजर खाली उतरते. भिंतीपासून दोन मीटर आत असलेला छताचा तुकडा घ्या. त्याला दिसते बाहेरची जमीन, भिंतीपासून साधारण दोन मीटरपासून साडेसात मीटरपर्यंतची. हॉलच्या मधोमध असलेल्या छताला साडेचार मीटरपासून जवळजवळ सतरा मीटरपर्यंतची जमीन दिसते. छत उजळतं ते अंगणामुळे, आणि थोडं आतल्या टेबलांनी, फरशीने वर परतवलेल्या उजेडामुळे.

माझ्या सीनमध्ये अंगणच नव्हतं. ही पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक. Blender मध्ये `Sky Texture` लावला की क्षितिजाच्या वर सुरेख आकाश मिळतं आणि खाली जवळपास काळोख. बाहेरच्या दृश्यात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे जमीन असतेच. खोलीच्या आतल्या दृश्यात आपण फक्त खोली बनवतो, खिडकीबाहेर काहीच ठेवत नाही, आणि मग छताला दिसायला काळोखाशिवाय काही उरत नाही.

हे ओळखायचं कसं? छत खिडकीच्या अगदी जवळसुद्धा काळं असेल, तर बाहेर जमीन नाही. खरं छत खिडकीजवळ सर्वांत उजळ असतं आणि आत जाताना हळूहळू मंदावतं.

उपाय साधा आहे. इमारतीच्या चारी बाजूंना किमान वीस मीटर जाईल असा एक सपाट तुकडा टाका आणि त्याला खरा रंग द्या. खडी किंवा जांभ्याची माती असेल तर परावर्तन 0.2 च्या आसपास धरा. पावसात भिजलेली माती बरीच गडद होते, तेव्हा त्याहून कमी. रंग मात्र जपून निवडा. लाल जांभ्याचं अंगण छताला किंचित तांबूस करतं, हिरवळ असेल तर हिरवट झाक येते. ही झाक मला मोलाची वाटते. गोव्यातल्या दुपारी पांढऱ्या छताच्या कडेला जी ऊब दिसते, ती अंगणाची असते. ती वेगळ्या पिवळ्या दिव्याने आणू नका.

इथेच दुसरी चूक घडते. छत काळं दिसलं की लोक खिडकीच्या आत मोठे `Area` दिवे लावतात, किंवा खोलीभर सपाट उजेड ओततात. मीही तेच केलं होतं, म्हणून तो प्रिंट रात्रीचा वाटला. खिडकीतल्या दिव्याचा उजेड सगळ्या दिशांना जवळपास सारखा पसरतो. खऱ्या खिडकीतून वरच्या दिशेला जाणारा उजेड जमिनीचा असतो, खाली येणारा आकाशाचा, आणि दोघांची तीव्रता वेगळी. ढगाळ दिवसाचं आकाश माथ्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असतं. प्रकाशतज्ज्ञ त्यासाठी हे सूत्र वापरतात:

```
L = (1 + 2*z) / 3
```

इथे `z` म्हणजे दिशेचा उभा घटक, क्षितिजावर 0 आणि डोक्यावर 1. `World` च्या नोड्समध्ये `Texture Coordinate` मधलं `Generated`, मग `Separate XYZ`, मग दोन `Math` नोड, एवढ्यात ते बसतं. `Sky Texture` मोकळ्या आकाशासाठी आहे, जुलैच्या ढगाळ दुपारसाठी मी हेच सूत्र वापरतो. 0.2 परावर्तनाची जमीन अशा आकाशाखाली क्षितिजाच्या जेमतेम निम्मी उजळ असते. म्हणून छत भिंतींपेक्षा मंद, पण काळं नाही, असं दिसायला हवं. हाच तो शांत उजेड.

`Area` दिव्याचा इथे एक खरा उपयोग आहे. त्याला खिडकीच्या मापाचा करा, खिडकीच्या तोंडाशी ठेवा, तोंड आतल्या बाजूला, आणि `Portal` वर खूण करा. मग तो स्वतः उजेड देत नाही. Blender च्या Cycles या रेंडर इंजिनला फक्त सांगतो की बाहेरचा उजेड इथून येतो, तिकडे शोध. दहा खिडक्यांना दहा पोर्टल लावल्यावर माझ्या रेंडरमधला दाणेदारपणा खूप कमी झाला. प्रत्येक नमुन्याला, म्हणजे `Sample` ला, वेळ थोडा जास्त लागतो, पण नमुने कमी पुरतात.

तिसरी चूक काचेची. खिडकीत `Glass BSDF` ची काच बसवली की Cycles त्या काचेतून उजेडाकडे सरळ किरण टाकू शकत नाही. पोर्टल लावलेलं असलं तरी त्याचा उपयोग राहत नाही, आणि खोली अंधारी व दाणेदार होते. तपासायची पद्धत सोपी: काचा लपवून एकदा रेंडर करा. खोली एकदम उजळली आणि दाणे गेले, तर दोष काचेचा. उंच खिडकीची काच खालून कुणाला दिसत नाही, ती काढून टाकली तरी चालतं. कॅमेऱ्याला दिसणारी काच असेल तर `Light Path` मधल्या `Is Shadow Ray` आणि `Is Diffuse Ray` या दोन किरणांसाठी तिला `Transparent BSDF` करा. काच थोडा उजेड खाते, तेवढा रंग किंचित गडद ठेवा.

आता किरण किती वेळा उसळू द्यायचे, म्हणजे `Bounces`. "वाढवत जा" हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. सगळी खोली 0.8 परावर्तनाच्या चुन्याची असती, तर चार उसळ्यांवर थांबल्याने जवळजवळ एक तृतीयांश उजेड हरवला असता. पण वाचनालयात सागवान असतं, पुस्तकांच्या पाठी असतात, गडद फरशी असते. सरासरी परावर्तन 0.4 ते 0.5 च्या घरात येतं, आणि तिथे चार उसळ्यांनंतर हरवणारा उजेड फार तर तीनेक टक्के. मी `Diffuse` आठ ठेवतो आणि पुढे जात नाही. भिंतीचा रंग मात्र 0.8 च्या वर कधीच नको. 1.0 चा पांढरा दिला की उजेड संपतच नाही, सगळं दुधाळ होतं, आणि मग लोक एक्सपोजर कमी करून टेबलांचा जीव घेतात.

मोकळ्या भिंतीवर ढगांसारखे डाग उमटले तर `Seed` बदलून पुन्हा रेंडर करा. डाग जागा बदलत असतील तर नमुने कमी पडताहेत, दाणे पुसणारा डीनॉइझर त्यांचे धब्बे बनवतोय. डाग तिथेच राहिले तर दोष मटेरियलचा किंवा मॉडेलचा. उसळून आलेल्या उजेडाला मर्यादा घालणारा `Clamp Indirect` फार खाली आणलेला असेल तर दूरचे कोपरे विनाकारण गडद होतात. एकदा 0 ठेवून, म्हणजे तो बंद करून, फरक बघा.

एक्सपोजरबद्दल एवढंच सांगतो: या हॉलमध्ये खिडकीतलं आकाश टेबलावरच्या कागदापेक्षा साधारण पंचवीस ते चाळीस पट उजळ असतं. फोटोग्राफीच्या भाषेत पाच स्टॉप. खिडकी पांढरी जाणारच, तिला जाऊ द्या. बाहेरचे माड दिसावेत म्हणून खिडकी दाबली की आतला उजेड खोटा पडतो. `View Transform` मध्ये `AgX` ठेवा आणि टेबलावरच्या उघड्या पुस्तकाचं पान नीट वाचता येईल एवढं एक्सपोजर लावा. बाकी सगळं त्या पानाच्या हिशेबाने बसतं.

दिशेची चूक गोव्यात फार होते. "उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही" हे युरोपातल्या पुस्तकांतून आलेलं आहे. पणजी 15.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये तो पूर्वेच्या चोवीसेक अंश उत्तरेला उगवतो. ढग नसलेल्या सकाळी उत्तरेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत शिरतं. सीनमध्ये उन्हाचा पट्टा दिसला म्हणून घाबरून सूर्य काढून टाकू नका, आधी महिना आणि वेळ तपासा. दुपारचे बारा म्हणजे मध्यान्हही नव्हे. पणजीत सूर्य माध्यान्हीला पोचतो तो घड्याळात सुमारे साडेबाराच्या पुढे.

शेवटी टेबलं. लांब टेबलाच्या पृष्ठभागावर समोरच्या खिडक्यांचं पुसट प्रतिबिंब लांबत जातं, आणि डोळ्याला शांतता तिथेच जाणवते. `Roughness` 0.1 ठेवला तर आरसा होतो, 0.8 ठेवला तर पुठ्ठा. मला 0.4 च्या आसपास ते जमलं, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, 1.2 मीटरवर ठेवून. आणि सगळीकडे एकच आकडा नाही. जुन्या टेबलाच्या कडेला, जिथे वाचणाऱ्यांची कोपरं टेकतात, तिथलं सागवान घासून गुळगुळीत झालेलं असतं, तिथे 0.25. मधल्या भागात, जिथे वर्तमानपत्रं पसरतात, तिथे 0.45. हातभर रुंदीच्या त्या कडेवर खिडकी थोडी स्पष्ट उमटते आणि मधे विरघळते.

दुसरा प्रिंट घेऊन गेलो तेव्हा ग्रंथपाल बाईंनी टेबलाच्या त्या कडेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही जागा पंख्याखालची का? तिथे कायम कुणीतरी बसलेलं असतं."