आधी गोळी, मग बाथरूम

ठाण्यातल्या बऱ्याच फ्लॅटांत बाथरूमला उंबरा असतो. पार्किन्सन झालेल्या आजोबांना उठल्या उठल्या तिकडे नेलं की तिथेच पाय जमिनीला चिकटतात आणि तोल जातो, कारण रात्री घेतलेल्या लेवोडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीचा असर ओसरलेला असतो.

१. सहाला उठवायचं असेल तर साडेपाचला पलंगावर ताठ बसवून पहिली गोळी नुसत्या पाण्याबरोबर द्या. दूध नको, त्यातल्या प्रथिनांमुळे औषध नीट शोषलं जात नाही. तोवर लघवीची घाई झालीच तर यूरिन पॉट पलंगाशी हवा.

२. अंग सैल झालं की पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. एकदम उभं केलं तर बीपी घसरतं.

३. पाय अडकला तर हात ओढू नका, तोल पुढे जातो. उंबऱ्याआधी चिकटवलेली रंगीत पट्टी ओलांडायला सांगा.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला. अचानक बंद तर कधीच करू नका.