टिंबं देण्याआधी: अवतरणाची तयारी

नोव्हेंबर महिना लागला की स्मरणिका आणि विशेषांकांसाठी संविधानावरचे लेख येऊ लागतात, आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक भाषण हमखास असतं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारलं गेलं त्याच्या आदल्या दिवशी, संविधान सभेत त्यांनी केलेलं. असे लेख छपाईआधी तपासण्याचं काम माझ्याकडे असतं. एका लेखात मला हे वाक्य मिळालं: “भक्ती ... हा अधःपतनाचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे.” लेखकानं टिंबं दिली होती, म्हणजे काहीतरी गाळलंय हे प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तरीही हे वाक्य बाबासाहेबांचं राहिलेलं नव्हतं. तेव्हापासून अवतरण वापरायच्या आधी काय काय करून ठेवायचं, याची एक यादी मी माझ्यापुरती ठरवली आहे. ती इथे त्याच भाषणाच्या आधारानं सांगते.

पहिली गोष्ट, मूळ पान समोर ठेवा. फोनवर फिरणारा मजकूर, जुन्या लेखातलं कात्रण, कुणाच्या भाषणातून ऐकलेलं वाक्य, यांतलं काहीही मूळ नव्हे. हे भाषण इंग्रजीत झालं आणि संविधान सभेच्या वादवृत्तांच्या ११व्या खंडात ते छापलेलं आहे. तिथून फक्त हवं ते वाक्य उतरवून घेऊ नका. अख्खा परिच्छेद उतरवा, आणि आधीच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्यही घ्या. तारीख, खंड आणि अनुवाद कुणाचा (तुमचा असेल तर तुमचा) हे त्याच कागदावर लिहून ठेवा. भक्तीबद्दलचा तो मजकूर मी मराठीत असा करते:

“ही सावधगिरी इतर कोणत्याही देशापेक्षा भारताच्या बाबतीत कितीतरी अधिक गरजेची आहे. कारण भारतात भक्ती, किंवा जिला भक्तिमार्ग अथवा विभूतिपूजा म्हणता येईल ती, राजकारणात जेवढी मोठी भूमिका बजावते तेवढी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या राजकारणात बजावत नाही. धर्मातली भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे.”

आता वरचं तुटकं वाक्य पुन्हा वाचा. टिंबांच्या आड “किंवा विभूतिपूजा” हे शब्द गेले, आणि “पण राजकारणात” तर वाक्याच्या सुरुवातीलाच, टिंबं न देता उडवले. उरलं ते वारकऱ्याच्या भक्तीवरही लागू पडेल असं विधान. बाबासाहेबांनी मात्र आधीच्याच वाक्यात धर्मातली भक्ती मुद्दाम बाजूला काढून ठेवली आहे. याच्या उलटही होतं. दुसरा कुणी फक्त तिसरं वाक्य उचलतो, “असू शकेल”चं “आहे” करतो आणि बाबासाहेब भक्तिमार्गाचा गौरव करत होते असं दाखवतो. त्या वाक्यातलं “असू शकेल” हे पुढच्या “पण”साठी दिलेली सूट आहे, तो गौरव नाही. एकाच परिच्छेदातून दोन उलटी माणसं उभी करता येतात, आणि दोन्ही वेळा गेलेले शब्द अगदी लहान आहेत.

म्हणून दुसरी तयारी पेन्सिलीनं करायची. उतरवलेल्या मजकुरातल्या लहान शब्दांखाली रेघ मारा: पण, जर, तरी, फक्त, कदाचित, नाही, असू शकेल; आणि विधान कुठपर्यंत लागू आहे हे सांगणारे शब्द, जसा इथे “राजकारणात”. हे शब्द टिंबांत जाऊ द्यायचे नाहीत. जागा कमी पडत असेल तर विशेषणं काढा, उदाहरणं काढा, अवतरणच लहान घ्या, पण रेघ मारलेला शब्द राहिला पाहिजे.

एक “जर” गेला की काय होतं, हे वॉशिंग्टनमध्ये दगडावर दिसलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २०११ साली खुल्या झालेल्या स्मारकावर, ते न्याय, शांती आणि सदाचरणासाठी वाद्यपथकाचे म्होरके होते, अशा अर्थाचं वाक्य त्यांच्याच तोंडी कोरलं होतं. ४ फेब्रुवारी १९६८च्या प्रवचनात ते म्हणाले होते ते असं: मी म्होरक्या होतो असं तुम्हाला म्हणायचंच असेल, तर न्यायासाठी म्होरक्या होतो असं म्हणा. ते सगळं प्रवचनच पुढे पुढे मिरवण्याच्या हौसेविरुद्ध होतं. अट गेली आणि नम्र माणूस स्वतःची थोरवी सांगू लागला. कवयित्री माया अँजेलो यांनी त्यावर जाहीरपणे तीव्र आक्षेप घेतला, आणि २०१३ साली ती ओळ दगडावरून काढून टाकावी लागली.

तिसरी तयारी सर्वनामांची. टिंबांच्या पलीकडे “तो”, “ते”, “हे”, “त्यांना” आलं, की थांबा आणि मुळात ते कुणासाठी होतं ते बघा. मे २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश म्हणाले होते की अल कायदाचा हळूहळू पण नक्की नायनाट होत आहे; त्यांचे निम्मे म्होरके एकतर तुरुंगात आहेत किंवा मेले आहेत; दोन्हीपैकी काहीही असो, ते आता डोकेदुखी उरलेले नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या एका स्तंभात यातलं मधलं वाक्य टिंबांत गेलं. मग “ते” हे पकडलेल्या आणि मेलेल्या म्होरक्यांऐवजी सगळ्या अल कायदाकडे बोट दाखवू लागलं, आणि अध्यक्षांनी धोका संपल्याचं जाहीर केलं असं वाचकाला वाटलं. टिंबं जागेवर होती, एकही शब्द खोटा नव्हता, तरी अर्थ बदलला. हा दोष छापलेल्या अवतरणाकडे कितीही वेळ बघितलं तरी सापडत नाही. मूळ परिच्छेद शेजारी ठेवला तरच दिसतो.

यानंतर टिंबांची खूण ठरवा. मराठी गद्यात टिंबं बोलण्यातला थांबा, अडखळणं, अर्धवट सोडलेलं वाक्य यासाठीही सर्रास येतात. त्यामुळे टिंबं लेखकाची की उद्धृत करणाऱ्याची, हे वाचकाला कळत नाही. मी माझी टिंबं चौकोनी कंसात घालते, [...] अशी, आणि मुळातली टिंबं उघडी ठेवते. एखादं अख्खं वाक्य किंवा परिच्छेद ओलांडला असेल तर आधीच्या वाक्याचा पूर्णविराम ठेवून मग कंस. परिच्छेदापेक्षा जास्त उडी असेल तर मात्र एका अवतरणात जोडू नका. दोन अवतरणं करा आणि मध्ये स्वतःच्या शब्दांत “पुढे ते म्हणतात” लिहा. चालणारी काटछाट कशी असते तेही बघा: “भारतात भक्ती [...] राजकारणात जेवढी मोठी भूमिका बजावते तेवढी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या राजकारणात बजावत नाही.” इथे गेला तो खुलासा आहे, आणि पुढच्या वाक्यात “भक्ती किंवा विभूतिपूजा” असं येतंच. ते पुढचं वाक्य तुम्ही घेणार नसाल, तर मात्र खुलासा ठेवा.

कंसांबाबत मी टिंबांपेक्षा कडक आहे, कारण टिंबांत आपण काढतो आणि कंसात आपण दुसऱ्याच्या तोंडात घालतो. कंसात घालायचा प्रत्येक शब्द त्याच पानावर बोटानं दाखवता आला पाहिजे. “ही सावधगिरी” एकटीच उद्धृत केली तर वाचकाला कळणार नाही कुठली. त्याच भाषणात काही वाक्यं मागे गेलं की कळतं: लोकशाही टिकवायची तर माणसांनी आपलं स्वातंत्र्य कितीही थोर माणसाच्या पायाशी वाहू नये, हा जॉन स्टुअर्ट मिल यांचा इशारा. म्हणून “[मिल यांनी सांगितलेली] ही सावधगिरी” हा कंस योग्य. “राजकारणात [अमुक नेत्याची] भक्ती” हा कंस, त्यात आजच्या कुठल्याही पक्षाचा नेता घाला, अर्थाचा विपर्यास आहे. तुम्हाला ते वाक्य त्या नेत्याला लागू करायचं असेल तर अवतरण बंद करा आणि स्वतःच्या नावावर म्हणा. जाता जाता, याच भाषणातलं मिलचं वाक्य बाबासाहेबांचं म्हणूनही छापलं जातं. अवतरणाच्या आतलं अवतरण कुणाचं आहे, ही नोंदही वहीत असू द्या.

मूळ मराठी असेल तर आणखी एक प्रश्न येतो. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या मजकुरात “कांहीं”, “नाहीं” असे अनुस्वार असतात. ते एकतर जसेच्या तसे ठेवा, किंवा लेखाच्या सुरुवातीला एकदाच सांगा की लेखन आजच्या नियमांप्रमाणे केलं आहे. अर्धे ठेवले आणि अर्धे काढले, असं करू नका. मुळात छपाईची चूक असेल तर तिच्यापुढे [मुळात असेच] लिहा. पण फक्त बोलणाऱ्याला अडाणी दाखवण्यासाठी ही खूण वापरलेली मी पाहिली आहे, आणि ती मी प्रत्येक वेळी काढून टाकते. अनुवादात तर शब्द नकळत शिरतात. धर्म ही “अफूची गोळी” आहे असं मार्क्सच्या नावावर आपण सगळे म्हणतो. त्याच्या वाक्यात अफू आहे, गोळी मराठीनं घातली. आणि त्याच्या आधीच्याच वाक्यात तो धर्माला दडपलेल्या जीवाचा उसासा म्हणतो, ते क्वचितच सोबत येतं.

सगळं झालं की शेवटची तपासणी. ज्या मुद्द्यासाठी अवतरण घेतलं तो मुद्दा एका ओळीत कागदाच्या वर लिहा. मग टिंबांतला सगळा मजकूर परत भरा, कंसातलं सगळं काढून टाका, आणि मुद्दा अजून उभा राहतो का बघा. डळमळला तर टिंबांची जागा बदलून भागत नाही, मुद्दाच बदलावा लागतो. त्या तुटक्या वाक्याच्या लेखकाला मी अख्खा परिच्छेद पाठवला. त्यांचा मुद्दा होता की बाबासाहेबांना भक्तीच नामंजूर होती. या परिच्छेदावरून तो सिद्ध होत नव्हता. त्यासाठी त्यांना बाबासाहेबांचं दुसरीकडचं लेखन धुंडाळावं लागलं असतं. त्यांनी तो मुद्दा गाळला आणि विभूतिपूजेवर लिहिलं.

लेख छापायला गेला तरी एक काम राहतं. हल्ली लेखासोबत फोनवर पाठवायला चित्रावरचं एक वाक्य मागतात, आणि ते करणारा मुलगा जागेसाठी टिंबं, कंस, तारीख सगळं काढतो. ते वाक्य तुम्हीच निवडून द्या, अख्खं: “पण राजकारणात”पासून “मार्ग आहे”पर्यंत. सुरुवातीचा “पण” बघायला विचित्र वाटतो म्हणून तो काढू का, असं विचारतील. नाही म्हणा. खाली “संविधान सभा, २५ नोव्हेंबर १९४९” घालायला सांगा, आणि चित्र पुढे जायच्या आधी एकदा स्वतःच्या फोनवर मागवून बघा.