पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही

आमच्याकडे देवगडला पावसात पीसी थोडे दिवस बंद राहिला की पंखे फिरायचे पण स्क्रीन काळीच. वायर काढून रॅम बाहेर घेतली तर सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर, खाऱ्या हवेतलं मीठ बसतं ना, तेच ओल धरून ठेवतं. दादा म्हणाला खोडरबर घास, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून हलकं पुसलं, स्लॉट मऊ ब्रशने झाडला, नीट सुकू दिलं आणि डिस्प्ले आला! हिरवट डाग असता तर मात्र आतलं तांबं गंजलेलं, पुसून फारसा फायदा नाही.

आता पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवतो, आतल्या उबेने ओल टिकत नाही. जाळीच्या कॅबिनेटमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, बाहेरची दमट हवा येतच राहते. त्या पुड्या सुट्या रॅमसोबत हवाबंद डब्यात टाका.