जोडीतला कोण कोणता? टीव्हीवरच्या विनोदी जोड्यांबाबत या चुका टाळा

चवथीच्या दिवसांत पेडण्यापासून काणकोणापर्यंत मंडळांच्या प्रश्नमंजुषा रंगतात आणि टीव्हीवरच्या मालिकांची फेरी त्यांत बहुधा असतेच. भांडणंही याच फेरीत जास्त होतात, कारण जोडी सगळ्यांना आठवते, पण जोडीतला नेमका कोण कोणता हे सांगताना चांगल्या चांगल्यांची गडबड होते. ही गडबड ठरावीक चार-पाच ठिकाणी होते. प्रश्न काढणाऱ्याने आणि उत्तर देणाऱ्याने ती ठिकाणं ओळखून ठेवली, तर परीक्षकांच्या टेबलाभोवती गर्दी होण्याची वेळ येत नाही.

दोन सुप्रिया आणि तीन पाठक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हे नीट समजून घेऊ.

‘तू तू मैं मैं’ ही 1990च्या दशकातली सासू-सुनेच्या कुरबुरींची मालिका. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. सासू देवकी म्हणजे रीमा लागू आणि सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर. ‘खिचडी’ 2002 साली स्टार प्लसवर आली. तिच्यातली हंसा म्हणजे सुप्रिया पाठक, तिचा नवरा प्रफुल्ल म्हणजे राजीव मेहता. याच घरातली दुसरी सून जयश्री, आणि ती केली वंदना पाठक यांनी. म्हणजे एकाच मालिकेत, एकाच स्वयंपाकघरात दोन पाठक. पुढे 2004 साली ‘साराभाई वर्सेस साराभाई’ आली. तिच्यातली सासू माया म्हणजे रत्ना पाठक शाह आणि सून मोनिषा म्हणजे रूपाली गांगुली. रत्ना आणि सुप्रिया पाठक या सख्ख्या बहिणी. ‘खिचडी’ आणि ‘साराभाई’ दोन्ही आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांच्या एकाच संस्थेच्या मालिका, त्यामुळे विनोदाची जातकुळीही जवळची. इतके धागे एकमेकांत गुंतल्यावर हंसाच्या जागी रत्ना आणि मायाच्या जागी सुप्रिया सांगितली जाते, यात नवल नाही.

आता एक प्रश्न तपासून पाहू. समजा कुणी विचारलं, ‘सुप्रियाने कोणत्या विनोदी मालिकेत सुनेची भूमिका केली?’ एक संघ म्हणेल ‘तू तू मैं मैं’. दुसरा म्हणेल ‘खिचडी’, कारण हंसासुद्धा बाबूजींची सूनच. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि प्रश्न चुकलेला आहे. आडनाव घातलं की अर्धं काम होतं. पण नुसत्या ‘पाठक’वर थांबलात, तर ‘पाठक यांनी सून साकारली’ हे वंदना पाठक यांनाही लागू पडतं. म्हणून प्रश्नात तीन गोष्टी हव्यात : पूर्ण नाव, मालिका आणि पात्राचं नाव. यांतल्या दोन द्यायच्या आणि तिसरी विचारायची. ‘खिचडीमधली हंसा कोणी साकारली?’ याला एकच उत्तर आहे, फाटे फुटत नाहीत.

उत्तर देणाऱ्यासाठी ओळखायची खूण आवाजात आणि संवादात आहे. हंसा-प्रफुल्लच्या जोडीत विचारणारी हंसा असते. एखादा इंग्रजी शब्द ऐकला की ती त्याचा अर्थ नवऱ्याला विचारते, आणि प्रफुल्ल त्या शब्दाच्या उच्चारावरून हिंदीत भलताच अर्थ पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो. चेंडू हंसा टाकते, टोला प्रफुल्ल मारतो. माया-मोनिषाच्या जोडीत याच्या उलट आहे. इथे बोचरं वाक्य सासूच्या तोंडी येतं. सुनेच्या काटकसरीला आणि पसाऱ्याला माया ‘मिडल क्लास’ म्हणून नाक मुरडते. ध्वनिफीत लावून प्रश्न विचारला असेल, तर विचारणारं कोण आणि टोमणा मारणारं कोण, एवढं ऐकलं तरी मालिका कळते आणि मग नाव चुकत नाही.

शेजाऱ्यांच्या जोड्या : नवरा-बायको की मागे लागलेला?

‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘भाभीजी घर पर हैं’ या दोन मालिकांमध्ये जोडी म्हणजे काय, हाच प्रश्न आहे. दोन्हींत शेजारची दोन जोडपी आणि प्रत्येक नवऱ्याचं मन दुसऱ्याच्या बायकोवर. पडद्यावर जास्त वेळ एकत्र दिसणारे दोघं नवरा-बायको नसतातच, आणि तिथेच आठवण दगा देते.

‘श्रीमान श्रीमती’त केशव कुलकर्णी म्हणजे जतीन कनाकिया आणि त्याची बायको कोकिला म्हणजे रीमा लागू. शेजारी दिलरुबा म्हणजे राकेश बेदी आणि त्याची बायको, सिनेनटी प्रेमा शालिनी, म्हणजे अर्चना पूरनसिंग. केशव प्रेमाच्या मागे, दिलरुबा कोकिलाच्या मागे. ‘भाभीजी’त मनमोहन तिवारी म्हणजे रोहिताश्व गौड, त्याची बायको अंगूरी. विभूती नारायण मिश्रा म्हणजे आसिफ शेख, त्याची बायको अनिता. विभूती अंगूरीसाठी झुरतो, तिवारी अनितासाठी.

हे पाठ करण्यापेक्षा धंदा लक्षात ठेवावा. तिवारीचं कच्छा-बनियनचं दुकान आहे आणि विभूती बेकार आहे. दुकानदाराची बायको साधी, भाबडी अंगूरी. बेकाराची बायको कमावती, मॉडर्न अनिता. ‘सही पकड़े हैं’ हे वाक्य अंगूरीचं. प्रश्नात ‘विभूतीची जोडीदार’ असं कधीही लिहू नका. ‘विभूतीची बायको’ किंवा ‘विभूती जिच्यावर लट्टू आहे ती’ असं स्पष्ट लिहा.

पात्र तेच, माणूस बदलला

त्याच ‘भाभीजी’त दुसरी खोच आहे. मालिका 2015 साली सुरू झाली तेव्हा अंगूरी शिल्पा शिंदे होती. 2016मध्ये तिच्या जागी शुभांगी अत्रे आली. अनिता आधी सौम्या टंडन, 2021मध्ये नेहा पेंडसे आणि त्यानंतर 2022मध्ये विदिशा श्रीवास्तव. मराठी प्रेक्षकाला नेहा पेंडसे ओळखीची, म्हणून ‘अनिता कोण?’ म्हटलं की आपल्याकडे तिचंच नाव आधी येतं. ते बरोबर आहे, पण 2015च्या भागाबद्दल विचारलं असेल तर चूक आहे. टिका आणि मलखान या रिकामटेकड्या जोडीतही हेच पाहावं लागतं. टिका म्हणजे वैभव माथुर आणि मलखान म्हणजे दीपेश भान. दीपेशचं निधन 2022मध्ये झालं.

उपाय सोपा आहे. प्रश्नात वर्ष किंवा ‘सुरुवातीच्या भागांत’ हे शब्द घाला. तपासताना कुठल्याही एका पानावरच्या कलाकारांच्या यादीवर विसंबू नका, कारण अशा याद्यांत बहुतेकदा शेवटचं नाव सगळ्यांत वर असतं. त्या काळातला भाग लावून श्रेयनामावली थांबवून वाचा. भाग सुरुवातीचा आहे की नंतरचा, हे यूट्यूबवर चढवल्याच्या तारखेवरून कळत नाही. भागाचा क्रमांक बघा.

माध्यम बदललं की जोडीही बदलते

चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आपल्याला दूरदर्शनमुळे डोळ्यांसमोर येतात. तिथे चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. चणीने किरकोळ, बिचकणारा तो चिमणराव. अंगापिंडाने भरलेला तो गुंड्याभाऊ. 1979च्या चित्रपटातही हीच जोडी होती. पण 1940च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये चिमणराव दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग होते. ‘चिमणराव कोणी साकारला?’ एवढंच विचारलं, तर जुना सिनेमा पाहिलेला आजोबांचा संघ मालवणकर म्हणेल आणि त्याचे गुण कापणं अन्यायाचं होईल. ‘दूरदर्शनवरच्या मालिकेत’ हे दोन शब्द वाद मिटवतात.

फोटो लावून विचारताना

फोटोच्या फेरीत नावांचा क्रम आणि माणसांची जागा एकच धरली जाते. लॉरेल आणि हार्डी हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. जोडी मूळ सिनेमाची, पण आपल्या घरात आली टीव्हीमुळे. आपण त्यांना जाड्या-रड्या म्हणतो, आणि हा क्रम इंग्रजी नावाच्या उलटा आहे. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी, रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. एकाखाली एक नावं लिहून जुळवली की हमखास जाडा लॉरेल होतो. ओठावर छोटी मिशी, टाय बोटांनी फडफडवणं, वैतागून थेट कॅमेऱ्यात बघणं, हा हार्डी. डोक्यावरचे केस खाजवणं आणि तोंड वाकडं करून रडणं, हा लॉरेल. जन्मस्थळाचा अंदाजही बहुतेक जण उलटा बांधतात. लॉरेल इंग्लंडमधल्या उल्व्हरस्टनचा, हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जियाचा.

फोटोखाली ‘डावीकडचा’ असं लिहिलं तर कुणाच्या डावीकडचा हा वाद होतोच. ‘तुमच्या डाव्या हाताला असलेला’ असं वाचून दाखवा. त्याआधी चित्र उलटं तर नाही ना, हे बघा. स्वामित्वहक्काच्या तक्रारीतून सुटण्यासाठी मालिकांच्या क्लिपा आरशातल्यासारख्या फिरवून चढवलेल्या असतात, आणि त्यातूनच स्क्रीनशॉट घेतला की दोघांच्या जागा बदलतात. वाहिनीचा लोगो किंवा मागच्या भिंतीवरची पाटी उलटी वाचावी लागली तर लगेच कळतं. पाटी नसेल तर शर्टाचा खिसा बघा. पुरुषांच्या शर्टाचा एकुलता खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे चित्रात तो आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. आपल्या डाव्या हाताला दिसला, तर चित्र फिरवलेलं आहे असं धरा आणि आणखी एखाद्या खुणेने खात्री करा. सदरा किंवा कुडता असेल तर ही खूण चालत नाही. अशा वेळी त्याच भागाची दुसरी क्लिप शोधून जागा ताडून घ्या.

राहिला प्रश्न अर्ध्या गुणांचा. संघाने दोन्ही नावं बरोबर सांगितली पण अदलाबदल केली, तर गुण द्यायचे की नाही, हे फेरी सुरू होण्यापूर्वी जाहीर करा. प्रश्न ‘जोडी ओळखा’ असा असेल तर पूर्ण गुण द्यावेत, कारण कोण कोणता हे विचारलेलंच नव्हतं. ‘कोणी कोणती भूमिका केली’ असा असेल तर अदलाबदलीला शून्य. अर्धे गुण देऊ नका. जोडीत एक नाव चुकीच्या जागी गेलं की दुसरंही आपोआप चुकीच्याच जागी जातं, त्यामुळे अर्धं बरोबर असं काही उरतच नाही.